निवडणुकीचं तोंड कुणीकडे?

प्रिय मित्रा,

कोणती भाषा भूतकाळ पुढे ठेवते आणि कोणती मागे, याचा तुझ्या प्रबंधातला तक्ता नीट पाहिला. भाषेचं नाव, एक शब्द, आणि शेवटच्या रकान्यात ‘भूतकाळ पुढे’ किंवा ‘भूतकाळ मागे’. मराठी मागे, चिनी पुढे, दक्षिण अमेरिकेतली आयमारा पुढे. तो असाच राहिला तर चिनी आणि आयमारा बोलणारे लोक काळाकडे एकाच नजरेने पाहतात असा निष्कर्ष निघेल, आणि तिथेच तुझा प्रबंध घसरेल.

आधी आपल्याच भाषेत बघ. ‘मागच्या वर्षी’, ‘पुढच्या महिन्यात’ म्हणताना बोलणारा मधे उभा असतो आणि भविष्य त्याच्या समोर असतं. आता हे वाक्य घे: ‘निवडणुकीच्या तोंडावर घोषणांचा पाऊस पडला.’ हे तोंड कुणाचं? निवडणुकीचं. त्या तोंडापाशी जे घडलं ते निवडणुकीच्या आधीचं, म्हणजे निवडणुकीचं तोंड आधीच्या काळाकडे आहे. इथे बोलणारा कुठे उभा आहे याला काही महत्त्वच नाही. ‘१९५२च्या निवडणुकीच्या तोंडावर’ असं म्हण. सगळंच भूतकाळात गेलं, तरी तोंड फिरलं नाही.

म्हणजे मोजमापं दोन आहेत. एक माझ्या ‘आत्ता’पासूनचं. दुसरं घटनेपासून घटनेपर्यंतचं, रांगेसारखं: आधी येणारा पुढे, नंतरचा त्याच्या पाठीशी. भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी १९८०मध्ये काळाची रूपकं मांडली, तेव्हापासून काळ आपल्याकडे येतो की आपण काळातून चालतो याची चर्चा पुष्कळ झाली. ही दोन मोजमापं मात्र बऱ्याच वेळा एकमेकांत मिसळली गेली.

चिनीत नेमकं हेच होतं. ‘छ्येन’ म्हणजे पुढचा भाग, ‘होऊ’ म्हणजे पाठ. ‘छ्येनथ्येन’ म्हणजे दोन दिवसांपूर्वीचा परवा, ‘होऊथ्येन’ म्हणजे दोन दिवसांनंतरचा. वरवर पाहता चिनी माणूस भूतकाळाकडे तोंड करून उभा आहे. पण त्याच ‘छ्येन’पासून ‘छ्येनथू’ होतो, आणि त्याचा अर्थ पुढची वाट, माणसाचं भवितव्य! विरोधाभास दिसतो तो आपण दोन मोजमापं एका रकान्यात कोंबली म्हणून. ‘छ्येनथ्येन’मध्ये रांगेत आजच्या पुढे असलेला दिवस आहे, ‘छ्येनथू’मध्ये माणसाच्या समोरचा रस्ता आहे. (गेला महिना ‘वरचा’ आणि येता महिना ‘खालचा’ हेही चिनीत आहेच. त्यावरून चिनी लोक उभ्या रेषेत विचार करतात असा प्रयोग २००१मध्ये प्रसिद्ध झाला, पण पुढे इतरांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही. त्याच्या भरवशावर प्रकरण उभं करू नकोस.)

मग आयमारा वेगळी कशी ठरते? बोलिव्हिया, पेरू आणि उत्तर चिलीच्या अँडीज पर्वतातली ही भाषा. तिच्यात ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोरची बाजू, आणि भूतकाळही. ‘खिपा’ म्हणजे पाठीमागे, आणि भविष्यही. एवढ्यावर थांबलास तर चिनीसारखीच अडचण येते, कारण नुसत्या शब्दावरून तो रांगेतलं पुढे-मागे सांगतो की बोलणाऱ्याच्या समोरचं-पाठीमागचं, हे कळत नाही. म्हणून रफाएल नुन्येस आणि ईव्ह स्वीट्सर या संशोधकांनी चिलीतल्या आयमारा लोकांशी गप्पा मारून त्यांचं चित्रीकरण केलं आणि हात पाहिले. त्यांचा लेख २००६चा. ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्पॅनिश फारशी न येणारी, जुन्या काळाबद्दल बोलताना हात पुढे नेत होती आणि भविष्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे. हात बोलणाऱ्याच्याच शरीरापासून निघतो, त्यामुळे इथे रांगेची पळवाट उरत नाही. स्पॅनिश सराईत बोलणाऱ्या तरुणांचे हात मात्र आपल्यासारखेच, भविष्यासाठी पुढे जात होते.

पाहिलेलं ते समोर, न पाहिलेलं ते पाठीशी, असं त्याचं कारण दिलं जातं. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव यांतला फरक आयमाराचं व्याकरण वाक्यातच दाखवतं, त्याचाही आधार घेतात. मला हे पटतं. पण ते स्पष्टीकरण आहे, पुरावा हातांचाच.

तेव्हा तक्त्यात रकाने दोन कर, आणि प्रत्येक शब्दाला ‘१९५२’ची कसोटी लाव: दोन्ही घटना भूतकाळात ढकलल्या तरी पुढे-मागे तेच राहतं का? राहिलं तर ते रांगेचं. शंका उरेल तिथे चित्रीकरण कर. समोर टेबल नको, हात मोकळे हवेत. हात बघतोयस हे आधी सांगू नकोस, नाहीतर माणसं हात आवरून बसतात. घरच्या शेतीबद्दल विचार, आजोबांच्या वेळची आणि नातवंडांच्या वेळची.

मराठी बोलणाऱ्यांकडून ‘परवा’ मात्र नक्की बोलवून घे. दिवस गेलेला की येणारा हे त्या शब्दात नाही, ते क्रियापदावरून कळतं. आणि आपल्या वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. हात त्याच्या आधी हलतो का, ते बघ.

तुझा,
सर