कळा लांबल्या तर आरोग्य केंद्रातली सिस्टर बाईला पुढे कधी पाठवते?

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती किती पुढे सरकली ते मांडायचा तक्ता, त्यावरची नोंद ॲलर्ट म्हणजे इशाऱ्याच्या रेषेच्या उजवीकडे गेली, की पाठवायची तयारी लगेच सुरू होते. प्रसूतिगृहात ड्युटी करते, म्हणून एक केस सांगते. पहिलटकरीण, रात्री १० वाजता गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलेलं. ही रेषा तासाला एक सेंमी धरते, म्हणजे २ वाजता ८ हवं होतं, पण ६ वरच अडलं. पाणमोट फुटली, पाणी हिरवट. कळ ओसरल्यावर मिनिटभर बाळाचे ठोके मोजले: १००. निदान ११० तरी हवेत. तिला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन लावलं, १०८ बोलावली. कळा वाढवायचं इंजेक्शन अशा वेळी अजिबात नको, बाळ आणखी गुदमरतं. मात्र नुसता उशीर म्हणजे धोका नव्हे. पहिल्या खेपेला सुरुवातीचा वेग कमी असू शकतो. ठोके किंवा पाण्याचा रंग बिघडला, तर रेषेची वाटही बघायची नाही.