२४ तासांच्या लघवीतून मीठ कसं मोजतात?

"डॉक्टरांनी २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली आहे. सकाळी ७ला सुरू केलं तर पहिली लघवी डब्यात घ्यायची का?"

नाही. ७ची लघवी संडासात सोडा आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात, शौचाच्या वेळचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी ७ला लघवी करून तीही घ्या आणि मग थांबा. पहिली घेण्याची चूक करू नका; ती आदल्या रात्रीची असते, त्यामुळे मीठ जास्त दिसतं.

समजा, २ लिटर लघवीत सोडियम लिटरला ८५ मिलिमोल आलं, म्हणजे दिवसाचं १७०. १ ग्रॅम मिठात साधारण १७ मिलिमोल सोडियम असतं, म्हणून त्याला १७ने भागलं की साधारण १० ग्रॅम मीठ. थोडं घामातून जातं, म्हणून खाल्लेलं याहून जरा जास्तच. एखादी वेळ चुकली तर लॅबला सांगा आणि नव्याने सुरू करा. त्या दिवशी जेवण मात्र नेहमीचंच ठेवा, लोणचं-पापडासकट.