चार चित्रांचा कागद

"ताई, माझी शाळा दुसरीतच सुटली. मुलगा चौथीत आहे. होमवर्कला बसला की मला विचारतो आणि मला काही सांगता येत नाही, मग त्याची मोठी बहीण उत्तरं सांगते नि हा उतरवून काढतो. वही भरलेली असते पण पेपरात काहीच लिहीत नाही. मी शिकलेली नाही तर मी काय करू? (भाची लिहून देतेय.)"

ताई, एका बाबांची गोष्ट सांगते, तुमचं उत्तर त्यातच आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. बाबांची शाळा तिसरीत सुटलेली, मुलगी चौथीत, आणि घरात कॉलेजला जाणारा चुलतभाऊ जो रोज पंधरा मिनिटांत तिची वही पूर्ण करून द्यायचा. बाबा येताना वह्या घेऊन आले होते. पानोपान बरोबरच्या खुणा. मी तिला म्हटलं यातलं हे एक गणित परत करून दाखव, तर पोरगी खाली बघत बसली.

तेव्हा मीही एक चूक केली. 'घरी अभ्यास कसा घ्यावा' असा बारा मुद्द्यांचा छापील कागद माझ्याकडे होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला, मला बरं वाटलं. पुढच्या वेळी कळलं की कागद मुलीनेच वाचून दाखवला आणि त्यातले अकराच मुद्दे वाचले, बाराव्यात टीव्ही बंद ठेवा असं होतं 😄 ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचायचा कागद देत होते. मग तिथेच कोरा कागद घेतला आणि चार चित्रं काढली. कान, बोट, काड्यांची जुडी आणि एक गोल.

कान म्हणजे ऐकायचं. आधी मुलीने होमवर्क वाचून दाखवायचा, मग "यात काय करायला सांगितलंय ते तुझ्या शब्दांत सांग" आणि "वर्गात बाईंनी असंच केलेलं कुठंय, दाखव" एवढे दोनच प्रश्न. उत्तर बापाला माहीत असायची गरजच नाही, कारण जे मूल दुसऱ्याला समजावून सांगतं त्याला आपण कुठे अडतोय ते सांगता सांगता स्वतःलाच दिसतं. खरं तर इथे कमी शिकलेल्या आईबापांचा फायदाच होतो. आमच्यासारख्यांना उत्तर माहीत असतं, मग तोंड आवरत नाही. फक्त विचारल्यावर थांबायचं, मनात सावकाश पाच आकडे मोजायचे. बाबा म्हणाले हे पाच आकडेच सगळ्यात अवघड गेले.

बोट वाचनासाठी. मुलगी धडा घडाघडा म्हणायची, बाबा खूश. मी सांगितलं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचू दे. अक्षर ओळखता आलं नाही तरी दोन शब्दांमधली मोकळी जागा कुणालाही दिसते. बोट एकाच शब्दावर आणि तोंडातून तीन शब्द बाहेर, किंवा ओळ संपली तरी बोलणं चालूच, तर ते वाचन नाही, पाठ झालेलं आहे. मग मधलीच एखादी ओळ दाखवून "ही वाच" म्हणायचं, लगेच समजतं.

आता जुडी, ज्यावरून खरा उलगडा झाला. गणित होतं ५२ वजा २७. तिने लिहिलं ३५. ही चूक मुलांमध्ये खूप दिसते. वरच्या दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल गुपचूप उलटं करतं, सातातून दोन काढतं, पाच. मग पाचातून दोन, तीन. झाले पस्तीस. बाबांना वहीतली मांडणी कळत नव्हती पण मोजणं पक्कं होतं. त्यांनी काड्या घेतल्या, दहा-दहाच्या पाच जुड्या बांधल्या आणि दोन सुट्या ठेवल्या, म्हणाले "यातल्या सत्तावीस मला दे." तिने दोन जुड्या दिल्या. सुट्या सात द्यायच्या तर हातात दोनच. बाबांच्या ओठावर आलेलं सांगायचं, पण पाच आकडे मोजले. पोरगी जुडीकडे बघत राहिली, मग म्हणाली "ही सोडू का?"

सोडली. दोन सुट्या होत्या त्या बारा झाल्या, त्यातल्या सात बाबांना दिल्या, उरल्या पाच. दोन जुड्या शिल्लक. पंचवीस. वर्गात हातचा हातचा म्हणतात तो काय असतो ते तिला त्या दिवशी कळलं, आणि सांगितलं कुणीच नव्हतं. मग बाबांनी विचारलं, "बरोबर आहे कशावरून?" तेव्हा उरलेल्या पंचवीस आणि दिलेल्या सत्तावीस पुन्हा एकत्र करून मोजल्या, बावन्न भरल्या. आधीचे पस्तीस धरले असते तर बासष्ट झाले असते. वजाबाकीचा हा पडताळा शाळा न शिकलेल्या माणसालाही घेता येतो.

पुढच्या आठवड्यात गाडी अडली. बाबा "कशावरून?" म्हणाले की मुलगी लगेच खोडरबर उचलायची, बरोबर असलेलंही खोडायची. जरा खोदून विचारलं तर कळलं की बाबा फक्त चुकल्यासारखं वाटलं तरच विचारत होते, म्हणजे प्रश्न आला की चुकलं असं तिने धरून टाकलेलं. मग ठरवलं, बरोबर उत्तरालाही तेवढ्याच वेळा विचारायचं. पाच-सहा दिवसांत खोडणं थांबलं.

राहिला गोल. दहा मिनिटं प्रयत्न करूनही जमलं नाही तर त्या गणिताभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि पुढे जायचं. बाबांना हे अजिबात पटेना, अपुरी वही बघून बाई ओरडतील म्हणाले. पण बाईंना मुलीला काय येत नाही हे कळायचं ते वहीतूनच, आणि चुलतभाऊ नेमकं तेच झाकत होता. सगळं बरोबर दिसतंय म्हटल्यावर बाई पुढचा धडा घेणारच ना. मग शाळेत जाऊन बोलायचं वाक्य आम्ही चक्क पाठ केलं: "बाई, आता घरी कोणी सोडवून देत नाही, गोल केलेलं तिला आलेलं नाही, तेवढं बघाल का." बाईंनी वर्ग सुटल्यावर गोल केलेली गणितं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात नऊ गोल होते, महिनाभराने दोन-तीन. काही शाळांत एवढ्याने भागत नाही, दोनदा जाऊन सांगावं लागतं.

तुमच्या घरात मोठी मुलगी आहे, तिला यातून काढू नका. तिनेही हेच दोन प्रश्न विचारायचे, फक्त पेन्सिल धाकट्याच्याच हातात हवी. सुरुवातीला वही अर्धी राहील आणि मार्क लगेच वाढणार नाहीत, तेवढं धरून चाला. आणि बोट ठेवून वाचताना चौथीतला मुलगा साध्या जोडाक्षरांवर रोज अडत असेल, किंवा फळ्यावरचं उतरवताना सारखी अक्षरं सुटत असतील आणि महिनाभरात काहीच फरक पडला नाही, तर तो होमवर्कचा प्रश्न नाही. आधी डोळे तपासून घ्या, मग बाईंशी बोला आणि त्याला घेऊन माझ्याकडे या. येताना बहिणीने न लिहिलेली वही आणा.