मूल बघून, ऐकून की हाताळून शिकतं हे ठरवायला शाळेत मुलांची व्हिज्युअल-ऑडिटरी-किनेस्थेटिक चाचणी घेऊन त्याप्रमाणे शिकवायला सांगतात. याला खरंच आधार आहे का? नसेल तर वर्गात काय करायचं?

आधार नाही. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला ऐकायला आवडतं, हे खरंच आहे. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की मूल जास्त शिकतं, हा दावा वेगळा, आणि तो तपासावा लागतो. त्यासाठी 'दृश्य' आणि 'श्राव्य' मुलांचे दोन गट करायचे, प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना ऐकवून शिकवायचं, आणि सगळ्यांची परीक्षा एकच घ्यायची. दृश्य मुलं चित्रांनी आणि श्राव्य मुलं ऐकून पुढे गेली, तरच दावा खरा. सगळेच चित्रांनी पुढे गेले, तर तो धडाच चित्रातून शिकवण्याचा आहे, एवढंच कळतं. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली असे अभ्यास शोधले. कसोटीला उतरणारे मोजकेच सापडले आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या उलट होते.

म्हणून माध्यम मुलावरून नको, धड्यावरून ठरवा. हृदयातलं रक्ताभिसरण घ्या. नुसतं सांगून ते कुणालाच नीट कळत नाही, मग मूल कितीही 'श्राव्य' असो. फळ्यावर आकृती काढता काढता बोला. नावं त्या-त्या भागाशेजारीच लिहा. 1, 2, 3 आकडे घालून बाजूला यादी दिली की मुलांचा वेळ इकडून तिकडे बघण्यातच जातो. आकृतीत डावीकडे दिसतो तो हृदयाचा उजवा भाग, हे आधीच सांगा, नाहीतर पुढचं सगळं उलटं बसतं. स्लाइड असेल तर तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. वही बंद. फळ्यावर नावं नसलेली आकृती. पाच मिनिटांत प्रत्येकाने महाशिरेपासून महाधमनीपर्यंतचा मार्ग आठवून लिहायचा: उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुस, फुप्फुस शिरा, डावे अलिंद, डावे निलय. मग लगेच वही उघडून आपलं आपणच तपासायचं. बरीच मुलं फुप्फुस धमनीतलं रक्त ऑक्सिजनयुक्त समजतात, कारण 'धमनी म्हणजे शुद्ध रक्त' एवढंच पाठ असतं. ही चूक तिथेच बाहेर येते. आठवड्याने हेच पुन्हा करा. याला गुण मात्र देऊ नका, दिले की शेजाऱ्याचं बघून लिहिणं सुरू होतं.

मुलं कुरकुरतील, वाचूनच जास्त लक्षात राहतं म्हणतील. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारेच पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र आठवून लिहिणारे. हा निष्कर्ष मुलांना फळ्यावर लिहून दाखवा.

कमी दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाची सोय हा वेगळा विषय. ती करायलाच हवी.