उतारा, टन आणि टक्का: गाळप अहवालाच्या मेलबद्दलचे प्रश्न

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांतून एकाच तऱ्हेची विचारणा येऊ लागते: दैनिक आणि पाक्षिक अहवाल मेलने गेला, आणि वाचणाऱ्यांनी एकाच आकड्याचे दोन अर्थ काढले. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

‘टक्के’ लिहावं की % हे चिन्ह? आणि आकड्यानंतर जागा सोडायची का?

तक्त्यात चिन्ह, वाक्यात शब्द. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत चिन्हाआधी जागा सोडतात, आपल्याकडच्या छापील मजकुरात बहुधा सोडत नाहीत. दोन्ही चालेल, पण एका अहवालात एकच.

गेल्या पंधरवड्यात उतारा १०.२५% होता, या वेळी ११.२५% आला. मी मेलमध्ये ‘उताऱ्यात १% वाढ’ असं लिहिलं. कार्यालय अधीक्षक म्हणतात, ९.७६% लिहा. कोण बरोबर?

हिशेब दोघांचाही बरोबर आहे, पण तुमचं वाक्य अपुरं आहे. उतारा म्हणजे उसाच्या वजनाच्या तुलनेत निघालेली साखर, म्हणून तो मुळात टक्काच आहे. त्यात झालेला फरक दोन प्रकारे सांगता येतो. ११.२५ मधून १०.२५ वजा केले तर १ उरतो. हा एक टक्के-बिंदू. तोच १ मूळच्या १०.२५ ने भागला तर ९.७६% येतात, ही सापेक्ष वाढ. नुसतं ‘१% वाढ’ वाचणारा माणूस १०.२५ चा एक टक्का काढून उतारा १०.३५ झाला असंही समजू शकतो, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

याचं मोल रुपयांत पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त किमान दर, १०.२५% उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१% ला ३.४६ रुपये वाढ दिली. इथला ०.१% म्हणजे ०.१ टक्के-बिंदू. म्हणून ११.२५% उताऱ्याला दहा टप्पे होतात, वाढ ३४.६० रुपये आणि दर ३८९.६० रुपये. ज्याने उतारा १०.३५ समजला त्याच्या कागदावर एकच टप्पा, म्हणजे ३.४६ रुपये. टनामागे एकाच्या हिशेबात ३४६ रुपये वाढले आणि दुसऱ्याच्या हिशेबात ३४ रुपये ६० पैसे. हे दोन आकडे घेऊन संचालक आणि शेतकरी समोरासमोर बसले तर भांडण होणारच, आणि ते मेलमधल्या एका ओळीमुळे झालेलं असेल.

‘सगळे असंच लिहितात’ हे उत्तर मला पटत नाही. रेपो दरात पाव टक्का कपात झाली की सगळ्यांना ती बिंदूंतच समजते, कारण बातमीत जुना आणि नवा दर शेजारी असतात. तेच इथे करा: ‘उतारा १०.२५% वरून ११.२५% वर गेला (१.०० टक्के-बिंदू वाढ)’. दोन्ही टोकं लिहिली की गैरसमजाला जागा उरत नाही.

आणि फवारणीच्या औषधांची पत्रकं आली की पहिला प्रश्न हाच विचारा. ‘उतारा ५% वाढवा’ म्हणजे १०.५० चा ११.०३ की १५.५०? विक्रेता हे स्पष्ट लिहीत नाही, कारण मोठा वाटणारा आकडाच त्याला विकायचा असतो. त्याच्याकडून जुना आणि नवा उतारा लेखी घ्या, आणि शेती अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय खरेदीचा शब्द देऊ नका. एफआरपीसाठी कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा, हेही अंदाजाने ठरवू नका. साखर आयुक्तालयाचं ताजं परिपत्रक आणि तुमचे लेखापरीक्षक यांना विचारा.

तक्त्यात गाळप ४,८७,३५० आणि साखर ५,३६,०८५ आहे. सूत्र बरोबर असूनही उतारा ११०% दाखवतंय.

सूत्र बरोबर आहे, एककं जुळत नाहीत. गाळप टनात आहे आणि साखर क्विंटलमध्ये. एका टनाचे दहा क्विंटल. म्हणजे ऊस ४८,७३,५०० क्विंटल. त्याने साखरेला भागलं की ११.०० टक्के येतात.

११०% हा आकडा निदान खटकतो तरी. खरी अडचण तिथे होते जिथे कोणी सूत्रात गुपचूप १० ने भागून ठेवतो आणि पुढच्या वर्षी दुसरा कारकून साखरही टनात भरतो. मग उतारा १.१० येतो. तेव्हा एकक स्तंभाच्या शीर्षकातच लिहा: ‘ऊस गाळप (टन)’, ‘साखर उत्पादन (क्विंटल)’. ‘एमटी’ हे लघुरूप टाळा. कोणी मेट्रिक टन वाचतो, कोणी दशलक्ष टन. इथेनॉलकडे वळवलेली साखर उताऱ्यात धरली की वगळली, तेही शीर्षकात हवं. ते कसं मोजायचं हे मात्र चीफ केमिस्टकडून ठरवून घ्या.

दोन आठवड्यांचा उतारा ९.५० आणि १०.७० आहे. सरासरी १०.१० लिहू ना?

नको. पहिल्या आठवड्यात १०,००० टन गाळप असेल आणि दुसऱ्यात ३०,००० टन, तर साखर अनुक्रमे ९,५०० आणि ३२,१०० क्विंटल झाली. एकूण ४१,६०० क्विंटल साखर, ४,००,००० क्विंटल ऊस; उतारा १०.४०%. हंगामाच्या सुरुवातीला गाळप कमी आणि ऊस अपक्व असतो, म्हणून साधी सरासरी बहुधा खऱ्यापेक्षा खाली ओढते. इथे फरक ०.३० चा आहे, म्हणजे एफआरपीचे तीन टप्पे. टक्क्यांची सरासरी काढू नका. साखर आणि ऊस आधी बेरजेत आणा.

दशांश उताऱ्याला दोनच ठेवा आणि ११ न लिहिता ११.०० लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की आकडा ढोबळ आहे. पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तरात करा. मधल्या पायऱ्यांत केलं तर तक्त्याची बेरीज आणि मेलमधली बेरीज जुळत नाही, आणि मग फोन येतात.

माझ्या संगणकावर ५,३६,०८५ दिसतं, मुंबई कार्यालयात तेच ५३६,०८५ दिसतं. का?

एक्सेल स्वल्पविराम त्या-त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे देतं. स्तंभ निवडून ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘कस्टम’ घ्या आणि हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

ऋण आकड्यांना हे लागू पडत नाही. घट दाखवणारा स्तंभ वेगळा तपासा. मेलच्या मजकुरात आकडे हाताने पुन्हा टाइप करू नका, आणि तक्ता पीडीएफ करूनही जोडा. परदेशी खरेदीदाराला लाखांत लिहू नका: ५.३६ लाख क्विंटल म्हणजे ५३,६०० टन, तेवढंच लिहा. करारात कोणतं एकक आहे ते पाठवण्याआधी निर्यात विभागाकडून खात्री करून घ्या.