फोटोवरून मण्याराचं चित्र: पट्टे जागच्या जागी कसे बसवायचे?

प्रश्न: वाळपईला घराच्या पडवीत रात्री काढलेला मण्याराचा फोटो आहे. साप वेटोळं करून बसलाय, फ्लॅशमुळे अंग चमकतंय. यावरून फील्ड गाइडसारखं, साधं, सरळ चित्र काढायचंय. पट्टे चुकणार नाहीत ना?

उत्तर:

मण्याराच्या चित्रात बहुतेक चूक एकाच ठिकाणी होते: मानेपासून शेपटीपर्यंत सारख्या अंतरावर पट्टे मारले जातात. मण्याराच्या मानेमागे पट्टे नसतात किंवा नुसते पांढरे ठिपके असतात. मागे जावं तसे ते ठळक होतात, आणि पुष्कळदा जोडीजोडीने येतात. मण्यारासारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचं उलट. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. म्हणजे मानेवर दोन पट्टे जास्तीचे काढलेत, तर बघणारा विषारी सापाला बिनविषारी समजेल. मला याची फार काळजी वाटते, कारण आपल्याकडे दोघेही रात्री घरात शिरतात.

वेटोळ्यात अंतर डोळ्यांनी मोजू नका. वळणावर अंग आखूड दिसतं, त्यामुळे अंतर फसवतं. खवल्यांची संख्या मात्र फसवत नाही. मण्याराच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. फोटो मोठा करून ट्रेसिंग पेपरवर ती रांग आखा आणि प्रत्येक पट्टा कितव्या खवल्यावर येतो ते लिहा. माझ्या एका फोटोत जोडीतल्या दोन पट्ट्यांमध्ये दोन खवले होते आणि पुढच्या जोडीपर्यंत सहा. शेपटीकडे हे आकडे लहान होत गेले. आधी सरळ पट्टीवर ही रांग काढायची, पट्टे बसवायचे आणि मगच ती पट्टी सैल ‘एस’ आकारात वळवायची. एकावर एक वेटोळी नकोत, पाठीची रांग पूर्ण दिसली पाहिजे.

फ्लॅशची चमक आणि पट्टा वेगळे ओळखायचे तर कड बघा. पट्ट्याची कड खवल्यांच्या कडेने जाते. चमक खवल्याच्या मधूनच जाते आणि सगळीकडे एकाच बाजूला पडते. जिथे ठरवता येत नाही तिथे पट्टा काढू नका. वेटोळ्याखाली झाकलेला भागही अंदाजाने भरू नका. त्याच सापाचा दुसऱ्या बाजूचा फोटो सर्पमित्राकडे असेल तर मागून घ्या. नसेल तर तेवढा भाग फिक्या रेषेने नुसता आखून सोडा.

पार्श्वभूमी पांढरीशुभ्र नको, पोटाची कड आणि पट्टे त्यात हरवतात. फिकट करडा कागद घ्या. पडवीची फरशी, पानं, सावली काहीच नको. अंगाला निळसर झाक असलेला काळा रंग द्या, आणि चमक दाखवायचीच तर पट्ट्यांपेक्षा बरीच मंद ठेवा.

रंग लावायच्या आधी पेन्सिलीचं चित्र इथे टाका, खवल्यांचे आकडेही लिहा. मी फोटोशी ताडून बघतो.