निष्कर्षात ‘मानवी चूक’ लिहिण्याआधी: सोडियम हायड्रॉक्साइडची संहती कमी का भरते

प्रश्न: “मी सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ४.० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १ लिटर पाण्यात विरघळवून ०.१ मोलर द्रावण केले. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलीला ब्युरेटचे वाचन तिन्ही वेळा १०.८ मिली आले, म्हणजे संहती ०.०९२६ मोलर. निष्कर्षात ‘मानवी चुकीमुळे फरक आला’ असे लिहिले, तर मॅडमनी जर्नल परत केले. मग काय लिहायचे?”

मॅडमनी जर्नल परत केले ते योग्यच केले, कारण तुमची तीन वाचनेच त्या वाक्याच्या विरोधात साक्ष देत आहेत. अपेक्षित १०.० मिलीऐवजी १०.८ मिली लागले, म्हणजे ०.८ मिली जास्त. ब्युरेटमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. तेव्हा ही चूक हाताची किंवा डोळ्याची मानायची, तर अंतिम बिंदू उलटून गेल्यावरही तुम्ही सोळा थेंब टाकले, आणि तेही तिन्ही वेळा मोजून तेवढेच, असे म्हणावे लागेल. फिनॉल्फथॅलीनचा फिका गुलाबी रंग इतके थेंब जास्त पडल्यावर गडद राणी रंगाचा होतो आणि तो कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. वाचन आणि पिपेट यांची अनिश्चितता एकत्र धरली तरी ती एका टक्क्याच्या आसपास राहते. तुमचा फरक सात टक्क्यांहून अधिक आहे.

मग चूक कोठे आहे? माझ्या मते ती अनुमापनात नसून ‘अपेक्षित’ या शब्दात आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हे प्राथमिक प्रमाण द्रव्य नाही. बाटलीचे झाकण उघडल्याक्षणी त्याच्या गोळ्या हवेतील बाष्प ओढू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर कार्बोनेट तयार करतात. साताऱ्यात प्रयोगशाळेत काम करताना एका जुलैमध्ये मी वॉच ग्लासवर गोळ्या तोलत होतो, तेव्हा तराजूवरील शेवटचा आकडा स्थिर होईना, तो सारखा वरच सरकत राहिला; थोड्याच वेळात गोळ्या ओल्या चकचकीत दिसू लागल्या आणि काचेला चिकटल्या. तोललेल्या वजनात पाणी किती शिरले, हे तराजू सांगत नाही. तुमच्या उत्तरावरून उलट हिशेब केला, तर ०.०९२६ गुणिले ४० म्हणजे सुमारे ३.७ ग्रॅम खरे सोडियम हायड्रॉक्साइड त्या ४.० ग्रॅममध्ये होते. बाटलीच्या लेबलवरील शुद्धता पाहा. ती ९७ टक्के असेल, तर पुष्कळसा फरक उरतोच, आणि पावसाळी हवेत उघड्यावर केलेल्या तोलण्याला तो साजेसा आहे.

परंतु येथे एक पेच आहे आणि तो निष्कर्षात टाळू नये. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात. जुन्या, कोरड्या जागी राहिलेल्या स्फटिकांतून ते पाणी काही प्रमाणात निघून गेले असेल, तर तेवढ्याच वजनात आम्ल जास्त भरते, अल्कली जास्त लागते आणि तिची संहती अशीच कमी दिसते. दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात, म्हणून केवळ या वाचनांवरून त्यांतले एक निवडता येत नाही.

निवड करण्यासाठी वाळवलेले पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरावे. त्याचे रेणुवस्तुमान २०४.२ आहे, ०.४०८ ग्रॅम तोलून पाण्यात विरघळवा आणि फिनॉल्फथॅलीन घालून त्याच अल्कलीने अनुमापन करा. २१.६ मिलीच्या आसपास वाचन आले तर अल्कली खरोखरच कमी संहतीची आहे, २०.० मिली आले तर संशय ऑक्झॅलिक आम्लावर जातो. अल्कलीच्या थोड्या द्रावणात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून पांढरा गढूळपणा दिसला, तर कार्बोनेट असल्याचेही कळेल. ब्युरेट पाण्याने धुऊन अल्कलीने खळखळली नव्हती, अशी शंका असेल तर ती सोडून द्या: तसे असते तर पहिले वाचन सर्वांत मोठे येऊन पुढची उतरत गेली असती.

ही तपासणी झालेली नसताना मी असे लिहीन: “ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी अनुमापन करून सोडियम हायड्रॉक्साइडची संहती ०.०९३ मोलर (सुमारे ±०.००१) आढळली; वजनावरून काढलेली संहती ०.१०० मोलर होती. तिन्ही वाचने समान असल्याने आणि फरक वाचनाच्या अनिश्चिततेच्या अनेकपट असल्याने तो यादृच्छिक नसून पद्धतशीर आहे. सोडियम हायड्रॉक्साइड आर्द्रताशोषक असल्यामुळे तोललेले वजन पूर्णपणे शुद्ध नसणे हे संभाव्य कारण आहे; मात्र ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकजलात घट झाल्याची शक्यता या प्रयोगातून वगळता येत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने पडताळणी होईपर्यंत पुढील गणितांसाठी ०.०९३ मोलर हे मूल्य वापरावे.”

०.०९२६ ऐवजी ०.०९३ लिहिले, कारण एक टक्क्याच्या अनिश्चिततेत चौथ्या दशांशाला अर्थ उरत नाही. आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर ‘०.१ मोलर’ लिहिले असेल, तर ते आजच खोडून मोजलेली संहती व तारीख लिहा. पुढच्या तासाला तीच बाटली दुसऱ्या तुकडीच्या हाती जाईल.